बेरीज जुळते आहे, पालकहो!

सातवी ब च्या समस्त पालकांना वर्गशिक्षिकेचा सप्रेम नमस्कार,

पत्रास कारण की, प्रथम सत्राचा निकाल वाटून चोवीस तास व्हायच्या आत आपल्या वर्गाच्या ग्रुपवर एका बाबांनी कॅल्क्युलेटरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मॅडम, टोटल जुळत नाही." झालं. मग दहा मिनिटांत सगळ्यांनी आपापल्या मुलांचे पेपर दप्तरातून काढले, कुणाची बेरीज तीनने कमी, कुणाची चारशेने कमी, एका आजोबांची चक्क जास्त, आणि रात्री साडेअकराला मोठ्या बाईंचा मला फोन, "उद्या पालकांना एक पत्र द्या, सविस्तर." तर हे ते सविस्तर.

आधी चारशेने कमीवाल्यांचं बघू, कारण ते संख्येने जास्त आहेत आणि जास्त चिडलेलेही आहेत. तुमच्या घरी आलेत ते सहा लेखी पेपर. सातवीला लेखी परीक्षा प्रत्येक विषयाची 50 गुणांची, म्हणजे सहा विषयांचे 300. प्रगतिपुस्तकात एकूण 900 आहेत. "बाकीचे 600 कुठे गेले?" असं एका ताईंनी जे विचारलंय ना, अगदी सीआयडीच्या सुरात, त्याचं उत्तर असं की ते कुठेही गेलेले नाहीत, ते कधी पेपरात नव्हतेच. सातवी-आठवीला आकारिक मूल्यमापन 40 आणि संकलित 60 असं धरतात. त्या 60 मधले 50 लेखी आणि 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिक. आकारिक म्हणजे सत्रभर जे चाललेलं असतं ते, तोंडी काम, प्रयोग, प्रकल्प, स्वाध्याय, छोटी चाचणी, उपक्रम. तर सहा विषयांचे तोंडी 60 आणि आकारिक 240. आणि उरलेले 300 कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षणाचे, प्रत्येकी 100, ह्यांना लेखी परीक्षाच नाही, सगळं आकारिक. म्हणजे 300, 60, 240 आणि परत 300. करा बेरीज. (शारीरिक शिक्षणाचे गुण "उगाच" धरता असं ज्यांचं मत आहे, त्यांनी ते सरांना मैदानावर येऊन सांगावं, सर आधी दोन राउंड मारायला लावतात.)

आता तीनने-दोनने कमी-जास्तवाले. ही मंडळी खरी अवघड, कारण ह्यांनी बेरीज बरोबर केलेली आहे.

ज्या बाबांनी फोटो टाकला त्यांच्या मुलीचंच उदाहरण घेते, हजेरी क्रमांक 17, गुण त्यांनीच ग्रुपवर जाहीर केलेत त्यामुळे गुपित काही राहिलेलं नाही. बाबा पतसंस्थेत कॅशियर आहेत, दिवसाचा हिशोब एक रुपयाने चुकला तर घरी न जाणारा माणूस, त्यामुळे त्यांची तक्रार मी हलक्यात घेतलेली नाही. लेखी गुण असे: मराठी 38½, हिंदी 41, इंग्रजी 33½, गणित 29, विज्ञान 36½, सामाजिक शास्त्रे 40½. बाबांची बेरीज 219. आमच्या तक्त्यात 221. बाबांचं म्हणणं, मशीन खोटं बोलत नाही. मशीन खोटं बोलत नाहीच, पण मशीनला आमची पद्धत माहीत नाही. आमच्याकडे प्रश्नाला अर्धा गुण देता येतो, पण पेपरची बेरीज तक्त्यात चढवताना अर्धा पूर्ण करतात, प्रत्येक विषयाचा वेगळा. 38½ चे 39, 33½ चे 34, 36½ चे 37, 40½ चे 41. चार अर्धे वर गेले म्हणजे दोन गुण वाढले. बाबांनी चारही अर्धे तसेच ठेवून शेवटी एकत्र केले, त्यांचे दोन पूर्ण झाले आणि विषय संपला.

आता पुढचं ऐका. ह्या मुलीचे तोंडीचे 48, आकारिकचे 195, आणि कला 84, कार्यानुभव 88, शारीरिक शिक्षण 89 मिळून 261. आमच्या हिशोबाने 221 धरून एकूण 725, बाबांच्या हिशोबाने 723. नऊशेपैकी 725 म्हणजे 80.56 टक्के. श्रेणीच्या तक्त्यात 71 ते 80 ला ब-1 आणि 81 ते 90 ला अ-2, मधल्या ऐंशी-पूर्णांक-कायतरीला जागाच ठेवलेली नाही, म्हणून आम्ही टक्केही जवळच्या पूर्ण संख्येत करतो. 80.56 चे झाले 81, श्रेणी अ-2. बाबांचे 723 म्हणजे 80.33, त्याचे होतात 80, श्रेणी ब-1. म्हणजे बाबा जिंकले तर मुलगी एक पायरी खाली येते. हे मी त्यांना फोनवर समजावलं तेव्हा तिकडे बराच वेळ शांतता होती आणि मागून मुलीच्या आईचा आवाज आला, "ठेवा तो कॅल्क्युलेटर."

आता आम्ही तपासतो कसं, कारण काही जणांना वाटतं की आम्ही चहा पीत पीत अंदाजाने आकडे टाकतो. चहा पितो, ते खरं आहे.

विषयशिक्षक पेपर तपासून प्रश्नवार गुण पहिल्या पानावरच्या चौकटीत उतरवतात. इथे हरवायची सगळ्यात लाडकी जागा म्हणजे पुरवणी. दोरा सैल बांधला की पुरवणी दुसऱ्याच कुणाच्या पेपराला चिकटते, किंवा तिच्यातल्या उत्तराला गुण दिलेले असतात पण चौकटीत चढलेले नसतात. म्हणून पेपर घरी आल्यावर तुम्हाला खरंच काही तपासायचं असेल तर आतल्या पानांवरचे गुण आणि पहिल्या पानाची चौकट जुळवून बघा, आणि पुरवणी शेवटपर्यंत उलटा. मोबाइल नंतर काढा.

मग विषयशिक्षकांची यादी माझ्या एकत्रित निकालपत्रकात येते. भलामोठा कागद, 46 मुलं उभी, नऊ विषय आडवे. प्रत्येक मुलाची आडवी बेरीज, प्रत्येक विषयाची उभी बेरीज, आणि सगळ्या आडव्यांची बेरीज सगळ्या उभ्यांच्या बेरजेशी जुळली पाहिजे. जुळली की स्टाफरूममध्ये जो आनंद होतो तो वर्ल्ड कपला होत नाही. पण ह्या आनंदात एक मोठी गोम आहे. आकडाच चुकीचा उतरवला असेल तर तो आडव्यातही चुकीचाच आणि उभ्यातही चुकीचाच, दोन्हीकडे तेवढाच, त्यामुळे बेरीज अगदी झकास जुळते. म्हणजे आडवी-उभी फक्त बेरजेची चूक पकडते, उतरवण्याची पकडत नाही. म्हणून विषयशिक्षकांनी स्वतःच्या यादीखाली जी बेरीज केलेली असते ती माझ्या उभ्या बेरजेशी लावून बघायची.

ह्यावेळी गणिताला तसंच झालं. सरांच्या यादीत 2944, निकालपत्रकात 2917. फरक 27. निकाल लागायला दोन दिवस बाकी. पण 27 ला 9 ने भाग जातो, आणि असा फरक दिसला की पहिला संशय घ्यायचा तो दोन अंकांच्या अदलाबदलीचा, कारण कुठलीही दोन अंकी संख्या उलटी लिहिली की फरक नऊच्या पटीतच येतो. 27 म्हणजे नऊ त्रिक, म्हणजे त्या दोन अंकांत तीनचा फरक. निकालपत्रकातली बेरीज कमी भरत होती, म्हणजे आकडा लहान झालाय. मग 46 मुलं परत तपासायची गरजच नाही, फक्त 14, 25, 36, 47, 58, 69 असलेले शोधायचे. अशी चारच मुलं निघाली, आणि तिसऱ्यालाच सापडलं. सरांच्या यादीत 63, आपल्याकडे 36. ब-2 चा बिचारा थेट ड मध्ये, आणि घरी जो छत्तीसचा आकडा झाला असता तो वेगळाच.

झालं असं की गणिताचे सर वाचत होते आणि चित्रकलेचे सर लिहीत होते, त्यांचं अक्षर सुंदर म्हणून. आणि आपण मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी बोलतो आणि साठ नंतर, त्यामुळे घाईत लिहिणाऱ्याचा हात तीन आधी टाकून मोकळा होतो. तुमची मुलंही वहीत हेच करतात, तपासा. चित्रकलेच्या सरांनी मात्र "पण अक्षर बघा ना" एवढंच म्हटलं. तो 36 खरंच सुरेख होता.

फरक बरोब्बर 10 आला तर मात्र कान संशयित. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शेजारच्या वर्गात कवायतीची शिट्टी वाजत असताना ऐकून बघा एकदा. म्हणून आमच्याकडे आता लिहिणाऱ्याने आकडा सुटा करून परत म्हणायचा, "पाच नऊ", मगच पुढचा.

एक्सेलमध्येही करतो हो, एका इंजिनिअर दादांनी विचारलंय म्हणून सांगते. हिंदीची बेरीज 70 ने कमी येत होती. कुणीतरी 70 मधल्या शून्याच्या जागी इंग्रजी ओ दाबला होता आणि =SUM(F4:F49) अशी अक्षरं शांतपणे वगळून पुढे जातं, तक्रार करत नाही, आमच्या शिपाईमामांसारखं. ओळखायची खूण एवढीच, की बाकीचे आकडे चौकटीत उजवीकडे टेकलेले असतात आणि हा एकटा डावीकडे.

आणि एवढं करूनही एकाला दहा जास्त आणि दुसऱ्याला दहा कमी गेले असतील तर सगळ्या बेरजा जुळतात आणि दोघंही चुकीचे राहतात. त्यावर उपाय एकच, एकीने पेपरांचा गठ्ठा घेऊन पहिल्या पानावरचे गुण वाचायचे, दुसरीने निकालपत्रकात लाल टिंब देत जायचं. 46 गुणिले सहा, 276 टिंबं. ते आम्ही हिंदीच्या बाई आणि मी मिळून केलंय, शनिवारी शाळा सुटल्यावर, आणि त्यात अजून काही निघालं नाही.

तरीही ज्यांना शंका आहे त्यांनी ह्या आठवड्यात रोज दुपारी साडेबारा ते एक ह्या वेळात पेपर घेऊन यावं. सहाच्या सहा आणावेत, फोटो नकोत. फेरतपासणीत गुण वाढले तर वाढवले जातील आणि कमी निघाले तर कमीही होतील, हे आधीच सांगून ठेवते.

आपली नम्र,
वर्गशिक्षिका, सातवी ब

ता. क. : हे पत्र लिहून होईपर्यंत ग्रुपवरचा कॅल्क्युलेटरचा फोटो डिलीट झालेला आहे. ज्यांनी तो सेव्ह करून नातेवाइकांना पुढे पाठवलाय त्यांनी कृपया 725 असं सुधारून वाचावं.