सघन पराटीची सरासरी कोणत्या जमिनीची?

सघन म्हणजे झाडं जवळजवळ लावलेल्या पराटीबद्दल, म्हणजे कापसाच्या पिकाबद्दल, एक मजकूर फिरतो आहे: "यंदा सघन लागवडीच्या पराटीला एकरी सरासरी 5.8 क्विंटल कापूस झाला, जुन्या पद्धतीला 7.2. आकडे खोटं बोलत नाहीत. दोन-चार वावरांच्या गोष्टी सांगू नका, सगळ्यांची सरासरी पाहा. पुढच्या हंगामात सघनच्या नादी लागू नका."

आधी आकड्यांचं. दोन्ही सरासऱ्या मी बरोबर धरतो. पण सघन लावली कोणी आणि कोणत्या जमिनीत, हा प्रश्न त्यात राहून गेला आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ही पद्धत मुख्यतः हलक्या, उथळ, कोरडवाहू जमिनीसाठी पुढे आणली. अशा हलक्या जमिनीवर, म्हणजे बरडीवर, पराटी उंच होत नाही, फांद्या पसरत नाहीत. तिथे तीन बाय दोन फुटांवर लावली तर एकरात 7,260 झाडं बसतात आणि ओळींमधली जागा शेवटपर्यंत उघडी राहते. दोन झाडांतलं अंतर अर्धा फूट केलं की झाडं 29,040 होतात. एकेका झाडाला बोंडं कमी लागतात, पण झाडं चौपट असतात. म्हणून बरडवाला कास्तकार सघनकडे वळतो आणि काळ्या, भारी जमिनीचा मालक बहुधा जुनंच अंतर ठेवतो.

आता हिशेब मांडू. मजकुरात एकरांची फोड दिलेली नाही, म्हणून खालची फोड आणि उतारे मी समजावून सांगण्यापुरते धरले आहेत. समजा, दोन्ही पद्धती शंभर-शंभर एकरांवर आहेत. जुन्या पद्धतीचे 80 एकर भारी जमिनीत, उतारा एकरी 8 क्विंटल, आणि 20 एकर बरडीवर, उतारा 4. एकूण 720 क्विंटल, सरासरी 7.2. सघनचे 20 एकर भारी जमिनीत, उतारा 9, आणि 80 एकर बरडीवर, उतारा 5. एकूण 580 क्विंटल, सरासरी 5.8. मजकुरातल्या त्याच दोन सरासऱ्या आल्या. पण भारी जमिनीत सघन एक क्विंटलने पुढे आहे आणि बरडीवरही एक क्विंटलनेच पुढे आहे. दोन्ही पद्धतींना निम्मी भारी आणि निम्मी बरड जमीन दिली असती, तर जुनीची सरासरी 6 आली असती आणि सघनची 7. पहिल्या तुलनेत जुनी पद्धत पुढे दिसली ती जमिनींमधल्या फरकामुळेच.

प्रत्येक वाट्यात पुढे असलेली पद्धत सगळ्यांच्या सरासरीत मागे दिसते, याला सांख्यिकीत सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्प्सन यांनी 1951 साली त्यावर लेख लिहिला, संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी तर 1903 मध्येच हे दाखवलं होतं. हा प्रकार नुसता कागदावरचा नाही. मुतखड्याच्या उपचारांवरचा 1986 चा एक ब्रिटिश अभ्यास पाहा. चिरफाडीची शस्त्रक्रिया 350 पैकी 273 रुग्णांत यशस्वी झाली आणि छोट्या छिद्रातून खडा काढण्याची पद्धत 350 पैकी 289 रुग्णांत. छिद्राची पद्धत जिंकली असं दिसतं. पण लहान खड्यांत शस्त्रक्रिया 93 टक्के आणि छिद्राची पद्धत 87 टक्के यशस्वी होती, मोठ्या खड्यांत 73 आणि 69. मोठे, अवघड खडे जास्त करून शस्त्रक्रियेच्याच वाट्याला आले होते, जशी आमच्याकडे बरड सघनच्या वाट्याला येते.

दोन-चार वावरांच्या गोष्टींबद्दल म्हणाल, तर जमिनीनुसार सगळी वावरं वेगळी मांडणं म्हणजे सोयीची वावरं निवडणं नव्हे. मात्र कशावरूनही वाटे पाडून चालत नाही, आणि इथे सघनचे समर्थकही चुकतात. जमिनीचा पोत पेरणीच्या आधीच ठरलेला असतो, पद्धत निवडण्यावर आणि उताऱ्यावर दोन्हींवर त्याचा परिणाम होतो, म्हणून त्यावरून वाटे पाडायलाच हवेत. पण "दर झाडाला सारखी बोंडं असलेलीच वावरं ताडून पाहू" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. झाडावरची बोंडं लागवडीच्या अंतरानेच कमी-जास्त होतात. बोंडं सारखी धरून सघन आणि जुनी ताडली, तर चौपट झाडांचा फायदाच मोजला जाईल आणि दर झाडाची घट हिशेबातून निघून जाईल.

शेवटच्या सल्ल्याबद्दल मी एवढंच म्हणेन की उतारा वाढला म्हणून पैसा वाढलाच असं होत नाही. अर्ध्या फुटावर बियाणं चौपट लागतं. भारी जमिनीत पराटी माजू नये म्हणून वाढरोधकाची फवारणी येते. कोणी विहिरीच्या पाण्याने ओलित केलं असेल किंवा पंधरा दिवस आधी पेरलं असेल, तर तेही वेगळं मांडावं लागेल. ज्यांनी हा मजकूर पहिल्यांदा टाकला, त्यांच्याकडे वावरनिहाय वही असणारच. त्यांनी प्रत्येक वावरासमोर चार गोष्टी लिहून पाठवाव्यात: जमीन भारी की बरड, ओलित की कोरडवाहू, पेरणीची तारीख आणि खर्च वजा जाता एकरी उरलेले रुपये. बरडीवरच्या कास्तकाराने त्यातली बरडीची पानंच एकमेकांशी ताडून पाहावीत.