व्याजाच्या दाखल्याची दुय्यम प्रत मागताना अर्जात काय लिहावे

मी ७२ वर्षांचा निवृत्त कर्मचारी आहे. एप्रिलमध्ये बँकेने दिलेला २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा व्याजाचा दाखला घराच्या रंगकामाच्या धांदलीत गहाळ झाला, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात मी शाखेत एका ओळीचा अर्ज दिला : "प्राप्तिकर विवरणपत्रासाठी व्याजाच्या दाखल्याची दुय्यम प्रत मिळावी." दाखला त्याच दिवशी मिळाला. त्यावर शिक्का होता, सही होती आणि एकूण व्याज ५४,८६० रुपये दाखवले होते.

घरी मुलीने प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर माझी वार्षिक माहिती, म्हणजे एआयएस, उघडली, तर तिथे याच बँकेने कळवलेले व्याज ९२,१०७ रुपये होते. फरक ३७,२४७ रुपयांचा. शिवाय फॉर्म २६एएसमध्ये ३,७२५ रुपयांची करकपात दिसत होती. व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा १५एच हा फॉर्म तर मी वर्षाच्या सुरुवातीलाच भरून दिलेला होता.

कारण शोधायला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. माझ्या नावावर बँकेत दोन ग्राहक क्रमांक आहेत. पाच लाखांची एक संचयी ठेव पत्नीसह संयुक्त नावाने ठेवताना, माझे नाव पहिले असूनही, शाखेने नवा ग्राहक क्रमांक तयार केला होता. दाखला ग्राहक क्रमांकावरून छापला जातो, तर करकपात आणि एआयएसमधली नोंद पॅनवरून होते. त्यामुळे संचयी ठेवीचे व्याज दाखल्यात आले नाही आणि १५एचची नोंदही एकाच क्रमांकावर झाली, म्हणून दुसऱ्या ठेवीवर दहा टक्के कर कापला गेला. संचयी ठेवीचे व्याज मुदतीनंतर एकदम हातात येत असले, तरी बँक ते दरवर्षी जमा धरून कळवते, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षात राहत नाही. मी पहिल्या दाखल्यावर विसंबून विवरणपत्र भरले असते, तर ते व्याज वगळले गेले असते आणि पुढे तफावतीचा खुलासा मलाच द्यावा लागला असता.

काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने मला "मग फॉर्म १६ए घेऊन जा" असे सुचवले होते. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु १६ए हा करकपातीचा दाखला आहे. ज्या व्याजावर कर कापला त्याचीच नोंद त्यात येते. बचत खात्याच्या व्याजावर करकपात होत नाही, त्यामुळे ते त्यात कधीच दिसत नाही. जुन्या करप्रणालीत कलम ८० टीटीबीखाली ज्येष्ठ नागरिकांना ५०,००० रुपयांपर्यंत जी वजावट मिळते, तिच्यासाठी मात्र बचत खाते आणि ठेवी या दोन्हींच्या व्याजाचा आकडा लागतो.

मग १६ जूनला मी दुसरा अर्ज दिला. त्याचा मजकूर जसाच्या तसा देत आहे :

"महोदय, मी आपल्या शाखेचा ज्येष्ठ नागरिक खातेदार असून माझा पॅन व दोन्ही ग्राहक क्रमांक खाली नमूद केले आहेत. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या कालावधीचा मूळ व्याज दाखला माझ्याकडून गहाळ झाला आहे. कृपया माझ्या पॅनशी जोडलेली सर्व बचत खाती व मुदत ठेवी, वर्षभरात मोडलेल्या अथवा नूतनीकरण झालेल्या ठेवींसह, एकत्र धरून खातेनिहाय व्याज आणि कापलेला कर दर्शवणारी दुय्यम प्रत द्यावी. संचयी ठेवीवरील जमा व्याज स्वतंत्र ओळीत दाखवावे. शुल्क लागू असल्यास माझ्या बचत खात्यातून वजा करावे. सोबत पॅनची व १५एचच्या पोचपावतीची प्रत जोडली आहे."

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर मी आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतला. आठव्या दिवशी दोन पानी दाखला मिळाला. त्यात चारही खाती होती, बेरीज ९२,१०७ रुपयांची होती आणि कापलेला कर ३,७२५ रुपये. निवृत्तिवेतन आणि हे व्याज मिळूनही माझ्यावर कर बसत नाही, त्यामुळे ती रक्कम विवरणपत्रात परतावा म्हणून मागितली.

माझे बँकांना कळकळीचे सांगणे आहे, की व्याजाचा दाखला पॅनवरूनच छापला जावा, आणि तोवर निदान दाखल्याच्या तळाशी "हा दाखला केवळ अमुक ग्राहक क्रमांकापुरता आहे" असे स्पष्ट छापावे. डोळ्यांवर भिंग धरून आकडे वाचणाऱ्या माणसाला शिक्का पाहिला की दाखला पूर्ण आहे असेच वाटते. मलाही वाटले होते. घरी एआयएस उघडून देणारे कुणी नसते, तर मला हा फरक कळलाच नसता.

दोन्ही ग्राहक क्रमांक एकत्र करावेत असा तिसरा अर्ज मी त्याच दिवशी देऊन आलो आहे. त्याची पोच माझ्याकडे आहे, आणि क्रमांक एक होईपर्यंत यंदाचा १५एच मी दोन्ही क्रमांकांवर वेगवेगळा भरून दिला आहे.