आपोआप भरून आलेली जखम आणि राहून गेलेली तपासणी

«गुप्तांगावर एकच फोड आला, दुखला नाही, पू नाही, खाज नाही आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप बरा झाला, तर तो गुप्तरोग नाही. गुप्तरोग दुखतो आणि औषधाशिवाय जात नाही. फारच शंका असेल तर रक्ताची व्हीडीआरएल करा, निगेटिव्ह आली की विषय संपला. नाहीतर मेडिकलमधून एक ट्यूब आणि अझिथ्रोमायसिन घ्या. उगाच डॉक्टरकडे जाऊन घरात गोंधळ करू नका.»

हा मजकूर कुणी वाईट हेतूने लिहिला असेल असं मला वाटत नाही. पण त्वचारोग आणि गुप्तरोगांच्या ओपीडीत काम करणाऱ्या माझ्यासारखीला तो वाचून धडकी भरते. सिफिलिसची, म्हणजे जुनी माणसं जिला गरमी म्हणतात तिची, पहिली जखम जशी दिसते नेमकं तेच वर्णन इथे निर्धास्त राहण्याचं कारण म्हणून दिलं आहे.

दुखण्यापासून सुरुवात करते. सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, संबंधाच्या वेळी बारीकशा खरचटीतून आत शिरतो. पू करणारे जंतू जसं विष सोडून आसपासच्या पेशी जाळतात, तसं तो करत नाही. साधारण तीन आठवड्यांनी (कधी नवव्या दिवशी, कधी तीन महिन्यांनीही) तो शिरला त्या जागी आधी एक पुळी येते, मग तिची जखम होते. कडा गोल, तळ स्वच्छ लालसर, आणि हातमोजा घालून बोटांत धरली तर कातडीखाली शर्टाचं बटण असावं तशी कडक लागते. जोडीला जांघेत अवधाण येतं, गाठी रबरासारख्या लागतात, त्याही दुखत नाहीत. उलट दुखऱ्या, बारीक, पुंजक्याने येणाऱ्या फोडांमागे बहुतेक वेळा हर्पिस असतो, आणि तोही गुप्तरोगच आहे, तोही औषधाशिवाय भरून येतो आणि पुन्हा पुन्हा उठतो. त्यामुळे दुखतं की नाही यावरून गुप्तरोग आहे की नाही हे ठरत नाही, फार तर कोणता असेल याचा अंदाज बांधता येतो. तो अंदाजही चुकू शकतो. सिफिलिसच्या जखमा कधी एकाहून जास्त असतात, गुदद्वाराशी असल्या तर दुखतात, वर दुसऱ्या जंतूंचा संसर्ग झाला तरी दुखतात.

बाईच्या बाबतीत तर ‘फोड आला’ हेसुद्धा कळेलच असं नाही. जखम गर्भाशयाच्या मुखावर असली तर ती दिसत नाही, दुखत नाही आणि तशीच भरून जाते.

आता आपोआप बरं होण्याबद्दल. जखम तीन ते सहा आठवड्यांत भरते हे खरंच आहे. ती भरते कारण शरीराच्या संरक्षक पेशी त्या जागेवरचे जंतू मारतात. पण जखम डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी त्यातले काही जंतू लसीकेतून आणि रक्तातून सगळीकडे पोचलेले असतात. कातडी सांधली गेली तरी आतला आजार तसाच राहतो. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ येतं, बहुधा न खाजणारं, आणि बऱ्याचदा तळहात-तळपायांवरसुद्धा. तोंडात पांढुरके चट्टे येतात, केस मधूनमधून विरळ होतात, बारीक ताप राहतो. आणि हेही आपोआप जातं! मग वर्षानुवर्षं काहीच नाही, फक्त रक्ताची तपासणी बोलते.

‘माझ्या मित्राला असंच झालं होतं, दहा वर्षं झाली, ठणठणीत आहे’ असंही सांगितलं जातं. तो खोटं बोलत नसणार. नॉर्वेत ओस्लो इथे 1891 ते 1910 या काळात बोएक नावाच्या डॉक्टरांनी सिफिलिसच्या जवळजवळ दोन हजार रुग्णांना तेव्हाचं पाऱ्याचं औषध दिलंच नाही, कारण ते अपायच जास्त करतं असं त्यांचं मत होतं. त्यातल्या कित्येकांचं पुढे काय झालं याचा शोध येस्टलँड नावाच्या डॉक्टरांनी घेतला आणि तो 1955 साली प्रसिद्ध झाला. औषधाशिवाय राहिलेल्यांपैकी बहुतेकांना उशिराचे गंभीर परिणाम झाले नाहीत. पण चौथ्या हिश्श्याहून थोड्या जास्त लोकांना झाले: कातडी आणि हाडांतल्या गाठी, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीची सूज, मेंदू आणि मज्जारज्जूचे विकार. ठणठणीत मित्र तुम्हाला भेटतो, कारण तो बहुसंख्यांपैकी आहे. आपण कोणत्या गटात जाणार हे भरलेल्या जखमेकडे बघून कुणालाही सांगता येत नाही. डोळे आणि कान यांना होणारा त्रास तर वर्षानुवर्षं वाटही बघत नाही, तो पहिल्या काही महिन्यांतही होऊ शकतो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते व्हीडीआरएलच्या मुद्द्यावर, म्हणून इथे जरा थांबते. सिफिलिससाठीची ही रक्ततपासणी जंतू शोधत नाही. संसर्गामुळे शरीरात तयार होणारी प्रतिपिंडं ती पकडते, आणि ती पुरेशी तयार व्हायला वेळ लागतो. जखम दिसल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत व्हीडीआरएल निगेटिव्ह येणं अगदी शक्य आहे. पहिल्या अवस्थेत, म्हणजे जखम असताना, साधारण दर चार-पाच रुग्णांत एकाची ती निगेटिव्ह येते. म्हणून रिपोर्टवरच्या ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ या शब्दापेक्षा रक्त कोणत्या तारखेला दिलं हे आधी बघायचं.

तारखांसकट एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्याजवळच्या एका कारखान्यात काम करणारा तिशीतला विवाहित माणूस. 5 मार्चला बाहेर संबंध, कंडोम नाही. 27 मार्चला शिश्नावर एक फोड. 1 एप्रिलला तो कुणाला न सांगता लॅबमध्ये जाऊन व्हीडीआरएल करतो, निगेटिव्ह येते. 20 एप्रिलपर्यंत जखम भरते, त्याचा जीव भांड्यात पडतो. मेअखेरीस तळहातांवर तांबूस डाग येतात. त्याला वाटतं कारखान्यातल्या तेलाची ॲलर्जी, तो ॲलर्जीची गोळी घेतो, जूनमध्ये डाग जातात आणि श्रेय गोळीला मिळतं. ऑगस्टमध्ये बायको तीन महिन्यांची गरोदर म्हणून नाव नोंदवायला जाते. तिथे सगळ्याच गरोदर बायकांची सिफिलिसची तपासणी होते, तिची पॉझिटिव्ह येते. तिला एकदाही फोड दिसलेला नाही. मग त्याला बोलावलं जातं: व्हीडीआरएल 1:32, म्हणजे रक्त बत्तीस पट पातळ केल्यावरही पॉझिटिव्ह, आणि सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं थेट ओळखणारी टीपीएचए ही तपासणीही पॉझिटिव्ह.

एप्रिलमधला रिपोर्ट चुकीचा नव्हता. जखमेच्या पाचव्या दिवशी तो तसा येणं अगदी शक्य होतं. चूक ही की रक्त पुन्हा दिलं गेलं नाही. तेव्हा नुसत्या जखमेवरून डॉक्टरांनी लगेच उपचार केले असते, किंवा दोन ते चार आठवड्यांनी आणि मग संबंधापासून तीन महिने झाल्यावर रक्त पुन्हा तपासलं असतं, तर हे बायकोपर्यंत आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचलं नसतं. औषध न मिळालेल्या आईकडून बाळाला संसर्ग होतो, गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं. या उदाहरणातली बाई वेळेत सापडली. तिला तिसऱ्या महिन्यातच पेनिसिलिन मिळालं तर बाळ वाचण्याची शक्यता फार चांगली असते. तरी जन्मल्यावर बाळाची तपासणी करावीच लागते.

ट्यूब आणि गोळीबद्दल. मेडिकलमधून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असतात. ती लावली की जखमेचं रूप बदलतं आणि पुढे तपासणाऱ्याला काही ओळखू येत नाही. जखमेतला स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघून जंतू शोधायची संधीही जाते. अझिथ्रोमायसिनचा गैरसमज कुठून आला असावा तेही सांगते. सरकारी केंद्रांत जननेंद्रियाच्या जखमेसाठी जो पांढरा किट देतात, त्यात अझिथ्रोमायसिनची एक ग्रॅमची मात्रा असते. पण त्याच किटमध्ये बेंझाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शनही असतं. गोळी शँक्रॉइड नावाच्या दुसऱ्या जखमेसाठी आहे, सिफिलिससाठी आहे ते इंजेक्शन. अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे सिफिलिसचे जंतू जगात अनेक ठिकाणी पसरले आहेत, त्यामुळे एकट्या गोळीवर विसंबता येत नाही. हा जंतू संथ वाढतो, एकाचे दोन व्हायला त्याला तीस तासांहून जास्त लागतात. म्हणूनच रक्तात बरेच दिवस टिकून राहणारं हे पेनिसिलिन त्याच्यावर चालतं. लागण होऊन वर्षाच्या आत असाल तर एकदाच, सहसा दोन्ही कुल्ल्यांत अर्धं-अर्धं. उशीर झाला असेल किंवा किती काळ झाला ते माहीतच नसेल तर आठवड्याला एक अशी तीन. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांना डॉक्सिसायक्लिन देता येतं, गरोदर बाईला मात्र नाही. इंजेक्शननंतर पहिल्या दिवसात ताप आणि अंगदुखी होऊ शकते. ती जंतू मरताना होते, तिला ॲलर्जी समजून घाबरू नका.

प्रत्येक न दुखणारी जखम सिफिलिसचीच असते असं मी म्हणत नाही. एखाद्या गोळीची रिॲक्शन दर वेळी त्याच जागी उठते आणि काळा डाग ठेवून जाते, आपल्याकडे हे बरंच दिसतं. घासल्यानेही जखम होते. जी भरतच नाही, वाढत जाते, तिथे डोनोव्हॅनोसिस नावाच्या दुसऱ्या गुप्तरोगाचा किंवा कॅन्सरचाही विचार करावा लागतो. पण ही नावं सिफिलिस तपासून झाल्यावर घ्यायची, कारण यातलं कोणतंही कारण सिफिलिसच्या सोबतीने असू शकतं.

घरातल्या गोंधळाची भीती खरी आहे, ती मी रोज बघते. जिल्हा रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि उपचार मोफत होतात, माहिती गुप्त ठेवतात. 1097 या हेल्पलाइनवर जवळचं केंद्र विचारता येतं. जखम दिसली त्याआधीच्या तीन महिन्यांत ज्यांच्याशी संबंध आला त्यांना, रक्त निगेटिव्ह आलं तरी, इंजेक्शन द्यावं लागतं, कारण त्यांचंही रक्त अजून बोलायला लागलेलं नसेल. एचआयव्हीची तपासणी त्याच वेळी करून घ्या.

आणि ज्यांची जखम दोन किंवा दहा वर्षांपूर्वी भरून गेली आहे त्यांनी एकटी व्हीडीआरएल करू नये, कारण ती काळाबरोबर उतरत जाऊन औषधाशिवायही निगेटिव्ह होऊ शकते. सोबत टीपीएचए मागा, ती बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. टीपीएचए पॉझिटिव्ह आणि पूर्वी कधी पेनिसिलिन घेतलेलं नाही, असं असेल तर उपचार लागतात. नंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने व्हीडीआरएलचा आकडा बघतात. 1:32 चा 1:8 किंवा त्याखाली आला तर औषध लागू पडलं. जुन्या आजारात तो मुळातच कमी असतो आणि हळू उतरतो, तेव्हा तो शून्यावर आला नाही म्हणून स्वतःच्या मनाने पुन्हा इंजेक्शन घेऊ नका, डॉक्टरांना मागचे सगळे रिपोर्ट एकत्र दाखवा.