दुरुस्ती एकदाच, तीही एसआरटीत

"व्हिडिओच्या ट्रान्स्क्रिप्टमधली तीच चूक ब्लॉग, कॅप्शन आणि कोट कार्ड, तिन्हीकडे सुधारत बसावं लागतं."

ट्रान्स्क्रिप्टचा नुसता मजकूर कॉपी करण्याऐवजी त्याची `.srt` फाइल, म्हणजे वेळांसकट कॅप्शनची फाइल, डाउनलोड करा आणि सगळी दुरुस्ती तिच्यातच करा. विशेषनामं सहसा एकाच पद्धतीने चुकतात, ती 'शोधा आणि बदला'ने झटक्यात सुधारतात. वेळेच्या ओळींना मात्र हात लावू नका.

```
00:04:12,300 --> 00:04:15,800
```

यातला बाण मोडला तरी कॅप्शन बिघडतात. सुधारलेली फाइल कॅप्शन म्हणून चढवा. तिच्या प्रतीतून क्रमांक आणि वेळा काढल्या की ब्लॉगचा कच्चा खर्डा तयार. परिच्छेद तेवढे पाडायचे.

कोट कार्डाचं वाक्य मात्र त्या वेळेवर जाऊन ऐकाच. "हे रोज करू नका" मधला "नका" पुटपुटला गेला, तर कार्डावर "हे रोज करू" उरतं. वाचताना काहीच खटकत नाही, हीच पंचाईत.