दादा, पाटीवर ५ लिहिलं ही चूक आमची आहे

"५ डिग्रीच्या म्हणून दोन स्लीपिंग बॅग भाड्यानं घेतल्या. मोबाईलवर रात्री ९ डिग्री दाखवत होतं तरी बायको पहाटेपर्यंत कुडकुडत बसली, मी कसाबसा झोपलो. बॅगवर लिहिलेलं सगळं खोटं आहे. पैसे वाया गेले. १ स्टार."

नमस्कार दादा. वहिनींची रात्र अशी गेली याचं मनापासून वाईट वाटलं, आणि सोमवारी फोनवर तुम्ही दोघांनी शांतपणे सगळं सांगितलं म्हणून नीट उत्तर देता येतंय. इथं सगळ्यांसमोर लिहितो कारण डिसेंबरात बॅग न्यायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण हाच आकडा विचारतो.

पहिलं म्हणजे आमची चूक. बॅगच्या आतल्या लेबलवर तीन आकडे आहेत, कम्फर्ट ९, लिमिट ५ आणि एक्स्ट्रीम उणे ८. आम्ही दुकानातल्या पाटीवर त्यातला फक्त ५ लिहिला आणि काउंटरवरच्या पोरानंही "५ डिग्रीची आहे" एवढंच सांगून दिली. ५ हा लिमिटचा आकडा आहे. वहिनींना सांगायला पाहिजे होता तो ९.

हे आकडे कसे निघतात ते सांगतो म्हणजे फरक लक्षात येईल. आयएसओ २३५३७ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात माणसाच्या आकाराचा एक गरम होणारा पुतळा थंड खोलीत बॅगमध्ये झोपवतात, त्याला आतले लांब कपडे आणि मोजे घालतात, खाली चांगली मॅट टाकतात, आणि त्याचं अंग गरम ठेवायला किती वीज लागते ते मोजतात. त्यावरून बॅग किती ऊब धरते ते कळतं. मोजमाप हे एवढंच, पुढचे आकडे गणितानं काढतात. कम्फर्ट म्हणजे साधारण ६० किलोची बाई अंग सैल सोडून झोपली तरी तिला गार वाटणार नाही ते तापमान. लिमिट म्हणजे साधारण ७३ किलोचा पुरुष अंगाचं मुटकुळं करून झोपला तर थंडीशी झगडत पण न कुडकुडता ८ तास काढेल ते तापमान. म्हणजे लिमिटमध्ये आरामाचा हिशोबच नाही, जेमतेम निभावण्याचा आहे. एक्स्ट्रीमकडे बघून तर बॅग घेऊच नका, तो ६ तास जीव वाचवण्याचा आकडा आहे, त्यात अंग धोकादायक गार पडू शकतं हे धरलेलंच असतं.

आता तुमची रात्र. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर ९ डिग्री आहे पण वर नाव शहराचं आहे, आणि तुम्ही झोपला होता म्हैसमाळच्या खालच्या बाजूला पाहुण्यांच्या शेतात ओढ्याच्या काठी. हवामानखात्याचं तापमान साधारण माणसाच्या छातीच्या उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजतात. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन आपली उष्णता वर सोडून देते, तिला लागून असलेली हवा जास्त गार होते आणि गार हवा जड असल्यामुळं उतारावरून सरकत ओढ्यात येऊन साचते. शेतात रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला हे माहीत आहे, बांधावर उभं राहिलं तर बरं वाटतं आणि खोलगटात उतरलं की पाय बधिर होतात. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर मी शनिवारी त्याच जागी दोन थर्मामीटर घेऊन गेलो, एक झाडाला छातीएवढ्या उंचीवर बांधला, दुसरा जमिनीपासून वीतभर वर ठेवला. पहाटे ५ वाजता वरचा ९ दाखवत होता आणि खालचा ६. तुमच्या रात्री नेमकं एवढंच होतं असं मी म्हणत नाही, पण आभाळ तसंच होतं आणि वाराही नव्हता.

६ धरला तर बघा, तुमच्यासाठी लिमिट ५, म्हणून तुम्ही कसेबसे झोपलात. वहिनींसाठी कम्फर्ट ९ म्हणजे त्या ३ डिग्री खाली होत्या, आणि त्यांना थंडी वाजली. लेबलनं जे सांगितलं तेच झालं दादा, ते आम्ही तुमच्यापर्यंत पोचवलं नाही.

पण एवढ्यावर पहाटेपर्यंत बसून काढायची वेळ यायला नको होती, म्हणून मी वहिनींना विचारलं की गार कुठून लागत होतं, वरून की खालून. त्या म्हणाल्या कंबर आणि खांदा बर्फासारखे झाले होते, पोट ठीक होतं. मग कळलं की मॅट म्हणून तुमच्याकडं योगाची पातळ मॅट होती. बॅगमध्ये ऊब धरते ती आत अडकलेली हवा, आणि आपण झोपलो की अंगाखालचं भरण दबून चपटं होतं, तिथली हवा निघून जाते. खालून राखण करायची ती मॅटनं, आणि लेबलवरचा आकडा चांगली मॅट धरूनच काढलेला असतो. खालून लागतं तेव्हा भारीतली बॅग आणूनही विशेष उपयोग होत नाही. आपल्याकडं राखणीला झोपणारी माणसं आधी जाड कडबा अंथरतात, त्यावर वाकळ टाकतात आणि मग अंगावर काय घ्यायचं ते बघतात, ते अगदी बरोबर आहे. पाय आणि छाती वरून गार पडत असतील तर मात्र बॅगच कमी पडली असं समजायचं.

आणखी एक गोष्ट आमच्या बाजूची. तुम्ही परत दिलेल्या दोन्ही बॅग तीन हिवाळे भाड्यानं फिरलेल्या आहेत. त्या झटकून अर्धा तास मोकळ्या ठेवल्या आणि शेजारी त्याच मॉडेलची नवी ठेवली. नवी सहा बोटं फुगली, तुमच्यातली एक पाच, आणि वहिनींकडं होती ती जेमतेम चार. फुगवटा गेला की ऊबही गेली, म्हणजे त्या बॅगचा ९ आता ९ राहिलेला नाही. ती बॅग मी भाड्यातून काढली आहे. आम्ही ती सारखी पिशवीत कोंबून ठेवत होतो, सिंथेटिक भरण त्यानंच बसतं, आता सगळ्या बॅग उघड्या टांगून ठेवतोय.

दोन्ही बॅगचं भाडं आजच परत पाठवलंय, बघून घ्या. पाटी बदलली आहे, आता मोठ्या अक्षरात कम्फर्टचा आकडा आहे आणि लिमिट खाली बारीक. जाड मॅट आता बॅगसोबतच देतो, वेगळं भाडं नाही.

पुढच्या वेळी जाल तेव्हा मोबाईलवरच्या आकड्यातून ३-४ डिग्री कमी करा, ओढ्याकाठी असाल तर ५ करा, आणि जो आकडा उरेल तो वहिनींच्या बॅगच्या कम्फर्टपेक्षा खाली नको. म्हणजे ओढ्याकाठी झोपणार आणि ॲपवर ९ असेल तर कम्फर्ट ४ किंवा त्याहून कमीची बॅग घ्या, तुम्हाला स्वतःला तिच्यात थोडं गरम होईल पण चेन उघडता येते. जागा ओढ्यापासून थोडी वर, बांधाच्या उंचीला घ्या, आणि झोपताना दिवसभराचे घामट कपडे बदलून कोरडे घाला. वहिनींना थंडी लवकर वाजते हे फोनवर कळलंच आहे, तेव्हा त्यांच्यासाठी कम्फर्ट ० ची एक बॅग बाजूला काढून ठेवली आहे, उंचीलाही त्यांना बसेल अशी आहे. शुक्रवारी संध्याकाळी या, दुकानातच मॅटवर अंथरून त्यांना आत झोपून बघू द्या आणि मगच न्या.