झाकली मूठ ९६ टक्क्यांची

सोमवारची प्रॉडक्शन मीटिंग दहाला आहे, घड्याळात सव्वानऊ झालेत आणि मशीन बंद पडल्याच्या नोंदींत तीन रकाने कोरे आहेत. घाबरून जाऊ नका. कोरा रकाना ही अडचण नसून संधी आहे. भोसरी-चाकणच्या शेडमध्ये इतकी वर्षं एक्सेल भरून मी एवढं तरी शिकलो आहे.

आपलंच उदाहरण घेऊ. एक व्हीएमसी, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कापणारं उभं मशीन, सेकंड शिफ्ट, दुपारी ३ ते रात्री ११. जेवणाचा अर्धा तास वजा केला की रोजची ४५० मिनिटं, सहा दिवसांची २७००. आठवड्यात मशीन दहा वेळा थांबलं. सात वेळा ऑपरेटरने सुरू-बंदच्या दोन्ही वेळा इमानदारीने लिहिल्या: कधी ५ मिनिटं, कधी २०, कधी २५, मिळून १०५. उरलेल्या तीन ओळींत बंद झाल्याची वेळ आहे, चालू झाल्याची नाही.

आता पहिला उपाय. D रकान्यात बंद झाल्याची वेळ, E मध्ये चालू झाल्याची. E कोरा असला की एक्सेल वजाबाकी करून भलतंच काहीतरी दाखवतं. रात्री ८:४० ला बंद पडलेल्या मशीनसमोर चक्क उणे १२४० मिनिटं येतात. हे साहेबांना दाखवण्यासारखं नाही. तेव्हा कुठल्याशा जुन्या जाणकाराने शीटमध्ये घालून ठेवलेलं हे सूत्र वापरा:

```
=MAX(0,(E5-D5)*1440)
```

उणे आकडा गेला, शून्य आलं. मशीन बंद पडलं आणि त्याच क्षणी चालूही झालं! थर्ड शिफ्टला मध्यरात्र ओलांडणारं ब्रेकडाउनही याच सूत्राच्या पोटात गडप होतं, हा वरचा फायदा. दहा थांब्यांची सरासरी आली साडेदहा मिनिटं. `AVERAGE` कोरा रकाना सोडून देतं, पण शून्याला मात्र मान देऊन मोजतं, त्यामुळे कोऱ्याचं शून्य झालं की सरासरी आपोआप खाली येते. कोऱ्याला कोरंच ठेवणारं सूत्रही आहे, पण ते शीटमध्ये घातलंत तर पुढचं सगळं तुमच्या जबाबदारीवर:

```
=IF(E5="","",(E5-D5)*1440)
```

शून्य लिहायला मन धजत नसेल, तर तीन ओळी उडवून टाका. सातांची सरासरी १५ मिनिटं. तेवढंही धाडस नसेल, तर रिकाम्या जागी हीच १५ भरा, म्हणजे शास्त्रीय वाटतं. तिन्ही मार्ग एकाच गावाला जातात: पहिल्या दोहोंत अव्हेलेबिलिटी, म्हणजे ठरलेल्या वेळातला मशीन चालू असल्याचा वाटा, ९६.१ टक्के, तिसऱ्यात ९४.४. तिसरा मार्ग धरणाऱ्याला मीटिंगमध्ये 'काटेकोर माणूस' म्हणतात.

फक्त एक पथ्य पाळा. हे तीनच रकाने कोरे का, हे चुकूनही विचारू नका. पाच मिनिटांसाठी थांबलेलं मशीन ऑपरेटर स्वतःच चालू करतो आणि तिथेच वेळ लिहितो. रात्री ८:४० ला स्पिंडलचा अलार्म आला, तर मेंटेनन्सवाला येतो, कव्हर उघडतो, पार्टची वाट बघतो, आणि तेवढ्यात ११ वाजतात. ऑपरेटरची बस सुटायची असते. चालू झाल्याची वेळ लिहायची कुणी? नाइटवाला म्हणतो, "दादा, माझ्याकडे आलं तेव्हा बंदच होतं, मी काय लिहू?" म्हणजे कोरे रकाने वाटेल तिथे पडलेले नसतात, नेमके सगळ्यात लांब ब्रेकडाउनवर पडतात. आणि त्यांच्या जागी आपण सगळ्यात लहान ब्रेकडाउनची सरासरी ठेवतो. पैलवानाचा पत्ता नाही, म्हणून त्याच्या जागी बालवाडीतल्या मुलांचं सरासरी वजन लिहिण्यासारखं आहे हे. पण रिपोर्ट हलका होतो, हे खरं.

आणखी एक खबरदारी: तासावार उत्पादनाचं रजिस्टर कपाटातच राहू द्या. त्यात त्या रात्री ७ ते ८ मध्ये १२ नग, ८ ते ९ मध्ये ८, आणि पुढच्या दोन्ही तासांत शून्य असं लिहिलेलं असतं. पाच मिनिटांच्या सायकलला आठ नग म्हणजे चाळीस मिनिटं. मशीन ८:४० ला पडलं ते शिफ्ट संपेपर्यंत उठलं नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. शिफ्टपुरती १४० मिनिटं गेली. बाकीची दोन ७:४० आणि ९:३० ची, तिथेही पुढे नग नाहीत, म्हणजे २०० आणि ९०. एखाद्या रात्री साडेदहाला मशीन उठलं असतं, तर शेवटच्या तासात पाच-सहा नग दिसले असते. तिन्हींची बेरीज ४३०. एकूण ५३५ मिनिटं बंद, सरासरी साडेत्रेपन्न, अव्हेलेबिलिटी ८०.२. तीही या शिफ्टपुरती. दुरुस्ती नाइटला किती वाजेपर्यंत चालली, ते मेंटेनन्सच्या जॉब कार्डावर सापडतं. म्हणून ते कार्डही मागू नका.

कुणी आगाऊ माणूस दुसऱ्या बाजूनेही येईल. आठवड्यात ४२० नग निघाले, पाच मिनिटांप्रमाणे २१०० मिनिटांचं काम झालं, मग २७०० तली ६०० गेली कुठे? लिहिलेली १०५, तीन रात्रींची ४३०, उरली ६५. सहा दिवसांत एक-दोन मिनिटांचे कुणी न लिहिलेले थांबे धरले, तर तेवढी सहज होतात. हिशेब जुळला की माणूस रिपोर्टमध्ये 'नोंद नाही' असा वेगळा रकाना मागतो, आणि अव्हेलेबिलिटी ७७.८ ते ९६.१ च्या मधे, बहुधा ८०, असं लिहायला लागतो. असा माणूस आपल्या शॉपमध्ये टिकत नाही.

खरी गंमत मात्र पुढे आहे, आणि ती मला कळायला बरीच वर्षं लागली. तुम्ही डाउनटाइम कितीही लपवा, ओईई, म्हणजे अव्हेलेबिलिटी, परफॉर्मन्स आणि क्वालिटी यांचा गुणाकार, हलत नाही. रिजेक्शन नाही असं धरा. अव्हेलेबिलिटी ९६.१ दाखवली, तर चालू वेळ २५९५ मिनिटं होते, काम २१०० मिनिटांचंच, म्हणून परफॉर्मन्स ८०.९ वर येतो. खरी ८०.२ दाखवली, तर परफॉर्मन्स ९७. दोन्हीकडे गुणाकार ७७.८. हरवलेली मिनिटं नाहीशी होत नाहीत, मेंटेनन्सच्या खात्यातून उठून ऑपरेटरच्या खात्यात जाऊन बसतात. मशीन तर चालूच होतं, मग नग कमी का? माणूस ढिला! चोर सोडून संन्याशाला सुळी, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक.

आमच्याकडे हेच झालं. सेकंड शिफ्टच्या ऑपरेटरचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला, मेंटेनन्सला मीटिंगमध्ये टाळ्या मिळाल्या. ऑपरेटर एवढंच म्हणाला, "साहेब, त्या तीन रात्री मी मशीनपुढे टॉर्च धरून उभा होतो." ते कुठल्या कॉलममध्ये टाकायचं, हे कुणाला सुचलं नाही.

मग वरून हुकूम आला, यापुढे एकही रकाना कोरा चालणार नाही. शीटला लॉक बसलं, वेळ भरल्याशिवाय पुढची ओळ उघडेना. पुढच्या सोमवारी मी शीट उघडली. सगळे रकाने भरलेले होते. सोमवारी १५ मिनिटं, मंगळवारी १५, बुधवारी रात्री ९:४० ला स्पिंडलचा अलार्म, १५.