मंत्रिमहोदय, लेखी द्या!

"तिकडे सचिवाचं मंत्र्याशी पटलं नाही तर बदली कुठं होते?" मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या आमच्या नानांचा प्रश्न.

नाना, लंडनमध्ये बदलीच्या आधी एक पत्र येतं. इथला खातेप्रमुख सचिव खात्याच्या खर्चाबद्दल संसदेच्या लोकलेखा समितीला व्यक्तिशः जबाबदार असतो. खर्च नियमात बसत नाही, किंवा पैशाचं चीज होईल असं सांगता येत नाही, असं वाटलं तर तो मंत्र्याकडे लेखी आदेश मागतो. तो मिळाला की निमूटपणे अंमलबजावणी करायची. मात्र पत्रं महालेखापरीक्षकांकडे जातात आणि सहसा जाहीरही होतात.

एप्रिल 2022 मध्ये गृहखात्याचे सचिव मॅथ्यू रायक्रॉफ्ट यांनी हेच केलं. लहान बोटींतून ब्रिटनला येऊन आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवायची योजना होती. योजना नियमाला धरून आहे आणि राबवताही येईल, हे त्यांनी पत्रात मान्य केलं. पण धाक बसून बोटी कमी होतील आणि खर्च भरून निघेल, याला पुरेसा पुरावा नाही, असंही लिहिलं. गृहमंत्री प्रीती पटेल यांनी आदेश दिला आणि दोन्ही पत्रं लोकांसमोर आली. जबरदस्तीनं एकालाही पाठवता आलं नाही, स्वखुशीनं चौघे गेले, आणि 2024 मध्ये नव्या सरकारनं योजना गुंडाळली.

"म्हणजे सचिव हात झटकून मोकळा!" नाना म्हणाले. अर्धं खरं आहे. पत्रानं योजना थांबली नाही, आणि थांबवायचा अधिकार निवडून न आलेल्या माणसाला असूही नये. पण निर्णय कोणाचा आणि सल्ला काय होता, हे लपलं नाही.

आपल्याकडे कागदाची वाण नाही. तोंडी आदेशाची लेखी नोंद हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्येच बजावलंय. महाराष्ट्राचा 2005 चा बदली कायदा साधारण तीन वर्षांची मुदत देतो, आणि मुदतीआधी हलवायचं तर कारण लिहायला लावतो. पण ते कारण लिहितं सरकारच. अडतं तिथं! लेखी मागणाऱ्याची खुर्ची, ज्याच्याकडे मागायचं त्याच्याच हातात. म्हणून अशी पत्रं आपोआप विधिमंडळाच्या लोकलेखा समितीकडे जावीत, असं मला वाटतं.

इथं लंडनमध्येही सगळं सोवळं नाही हो. सप्टेंबर 2022 मध्ये नवं सरकार येताच अर्थखात्याचे सचिव टॉम स्कॉलर यांना घरी पाठवलं, आणि त्यासाठी कुठलं पत्र लागलं नाही.

भाची ग्रामसेवक आहे. तिला सचिवांशी काय देणंघेणं! "मामा, सरपंच फोनवर सांगतात, बिल काढा. चेकवर सही माझीही असते. मी कुणाकडे लेखी मागू?" मी म्हटलं, टिपणीत "दूरध्वनीवरील सूचनेनुसार" असं तारखेनिशी लिही. ती म्हणाली, "लिहिलं होतं. त्यांनी टिपणीच बदलायला सांगितली. तीही फोनवरच."